सातबाऱ्यावरची आडवी रेघ : छायाचित्रातून नोंदी काढण्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाची व्याप्ती आज ठरली. मालमत्तेच्या हक्कांचा शोध घेणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयाकडे पक्षकार मोबाइलवर काढलेली सातबाऱ्याची छायाचित्रे पाठवतात. त्या छायाचित्रांतून भोगवटादार, क्षेत्र, सीमा आणि इतर अधिकारातील बोजे वाचून ते ठरलेल्या रकान्यांत भरून द्यायचे आहेत. सध्या फक्त संगणकीकृत सातबारा घेतला आहे. हस्तलिखित उतारे, गाव नमुना आठ-अ आणि फेरफार उतारे या टप्प्यात येणार नाहीत. गाव नमुना बारामधील पीकपाहणीचा भागही बाजूला ठेवला आहे, कारण शोधाच्या कामाला लागणारे सर्व काही वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, असते.

चाचणीसाठी एक उतारा निवडला असून या नोंदींत तोच आधार म्हणून वापरत राहीन. गाव आणि व्यक्तींची नावे मी झाकली आहेत. नावांच्या जागी अक्षरे लिहीत आहे आणि गट क्रमांक २१४/२ हाही बदललेला आहे. उतारा सुधारित नमुन्यातील आहे, कागद चार घड्या घालून खिशात ठेवलेला होता आणि छायाचित्र खिडकीच्या बाजूने, किंचित तिरके काढलेले आहे. कामात येणारी बहुतेक छायाचित्रे अशीच असणार, त्यामुळे स्कॅनरवर घेतलेल्या स्वच्छ प्रतीपेक्षा हा नमुना जास्त उपयोगाचा आहे.

९ जानेवारी

कोणते रकाने हवेत यावर वकिलांशी चर्चा झाली. त्यांच्या यादीत ‘चतुःसीमा’ हा रकाना सक्तीचा होता. सातबाऱ्यावर ‘सीमा आणि भूमापन चिन्हे’ असे शीर्षक छापलेले असते खरे, पण त्यापुढची जागा बहुतेक उताऱ्यांत कोरीच असते आणि आपल्या नमुन्यातही ती कोरी आहे. पूर्वेस कोण, पश्चिमेस काय, हे वर्णन खरेदीखतात असते. प्रत्यक्ष हद्दी गटाच्या नकाशावर आणि मोजणीच्या ‘क’ प्रतीवर असतात. रकाना सक्तीचा ठेवला, तर भरणारा माणूस असो वा प्रणाली, तिथे काहीतरी भरले जातेच. बहुधा गटाच्या आगेमागेचे क्रमांक, म्हणजे २१३ आणि २१५, शेजारी म्हणून बसवले जातात. गट क्रमांक एकापाठोपाठ असले म्हणजे जमिनी एकमेकींना लागून असतात असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून सीमेसाठी दोन स्वतंत्र रकाने केले आहेत. पहिल्यात सातबाऱ्यावर त्या शीर्षकापुढे जे छापले असेल तेच अक्षरशः येईल आणि जागा कोरी असेल तर ‘उताऱ्यावर नमूद नाही’ असे लिहिले जाईल. दुसऱ्यात चार दिशा असतील, पण त्या फक्त दस्त किंवा नकाशा सोबत आला असेल तरच भरल्या जातील आणि प्रत्येक दिशेपुढे तिचा आधार लिहावा लागेल. वकिलांना हे पटले. त्यांच्या मते रिकामा रकाना दिसला की नकाशा मागवायची आठवण राहते.

१३ जानेवारी

आज क्षेत्र. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत, मध्ये टिंब देऊन छापतात. आपल्या गटाचे एकूण क्षेत्र १.६२.०० आहे, म्हणजे १ हेक्टर ६२ आर, जे जवळपास ४ एकर होते. हा आकडा दशांश संख्या म्हणून वाचू नये. प्रत्येक भाग वेगळा काढून सगळे चौरस मीटरमध्ये साठवत आहोत : १ हेक्टर म्हणजे १०,००० आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणून १.६२.०० चे १६,२०० होतात. आर आणि चौरस मीटर या दोन्ही भागांत दोन-दोन अंक असलेच पाहिजेत असा नियम घातला आहे. छायाचित्रात शेवटचा अंक पुसट होऊन ‘१.२’ एवढेच उरले, तर ते १ हेक्टर २ आर की १ हेक्टर २० आर हे सांगण्याचा मार्ग नसतो, आणि अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा वाचन नाकारलेले बरे.

अंकवाचनात सर्वांत जास्त गोंधळ १ आणि ९ मध्ये होतो. छपाईचा ठसा जरा फिका असला की ९ चे डोके मिटते, आणि घडीची सावली पडली की १ ला नसलेला फाटा फुटतो. सुदैवाने क्षेत्राच्या बाबतीत उतारा स्वतःच पडताळा देतो. डावीकडे गटाचे लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब आणि एकूण क्षेत्र दिलेले असते. मधल्या भागात प्रत्येक खात्यापुढे क्षेत्र, आकार आणि पोटखराब असतात. आपल्या उताऱ्यात डावीकडे जिरायत १.२०.००, बागायत ०.४०.००, म्हणजे लागवडीयोग्य १.६०.००, आणि पोटखराब ०.०२.०० आहे. खात्यांपुढच्या क्षेत्रांची बेरीज १.६०.०० आणि पोटखराबाची ०.०२.०० यायला हवी. पहिल्या वाचनात एका खात्याचे पोटखराब ०.०१.०० ऐवजी ०.०९.०० आले आणि बेरीज ०.१०.०० झाली, तेव्हा नेमका कुठला अंक बिघडला हे शोधायला वेळ लागला नाही. आकाराच्या रुपये-पैशांचीही तशीच बेरीज जुळवता येते, आणि क्षेत्र व आकार हे दोन्ही पडताळे एकाच ओळीकडे बोट दाखवत असतील तर शंका उरत नाही.

१६ जानेवारी

पोटखराबाची दुरुस्ती केल्यानंतरही खात्यांपुढच्या क्षेत्राची बेरीज जुळत नव्हती. ती १.६०.०० ऐवजी २.४०.०० येत होती. फरक बरोबर ०.८०.०० चा, आणि उताऱ्यावर ०.८०.०० क्षेत्र असलेल्या तीन जागा : खाते ३१७ वर ‘अ’, खाते ३१८ वर ‘ब’, आणि खाते ५०२ वर तीन नावांचे सामाईक क्षेत्र. मूळ छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा ‘अ’ च्या ओळीवर आडवी रेघ मारलेली स्पष्ट दिसते. ‘अ’ मयत असून त्यांच्या वारसांचे नवे खाते ५०२ झाले आहे. आपल्या वाचनात मात्र ती रेघ कुठेच नव्हती आणि ‘अ’ हे चालू भोगवटादार म्हणून आले होते.

इथून पुढे प्रकल्पाचा बहुतेक वेळ या रेघेवरच जाईल असे दिसते. जुन्या संगणकीकृत उताऱ्यांत मयत खातेदार, कमी झालेले बोजे आणि इकरार कंसात दाखवले जात. २०२० मध्ये ठरलेल्या सुधारित नमुन्यात कंसाऐवजी अशा नोंदींवर आडवी रेघ मारलेली असते. वाचणाऱ्या माणसाला हा बदल सोयीचा आहे, कारण कंस नजरेतून सुटतो आणि रेघ सुटत नाही. यंत्रवाचनाला मात्र तो गैरसोयीचा आहे. कंस निदान अक्षरांसारखा तरी वाचला जातो, मग कधी तो दंड समजला जाईना का. रेघ अक्षर नसते आणि म्हणून वाचनात ती येतच नाही.

१७ जानेवारी

रेघ कुठे नाहीशी होते ते सापडले. अक्षरे वाचण्याआधी तक्त्याच्या आडव्या-उभ्या रेषा काढून टाकाव्या लागतात, नाहीतर टेसरॅक्ट हे अक्षरे वाचणारे साधन रकान्याच्या रेषेला दंड किंवा काना समजते. त्यांपैकी आडव्या रेषांसाठीची नेहमीची पद्धत अशी आहे :

```python
bw = cv2.adaptiveThreshold(gray, 255,
        cv2.ADAPTIVE_THRESH_GAUSSIAN_C,
        cv2.THRESH_BINARY_INV, 31, 15)
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_RECT, (120, 1))
lines = cv2.morphologyEx(bw, cv2.MORPH_OPEN, k)
text = cv2.subtract(bw, lines)
```

यात १२० बिंदूंपेक्षा लांब अशी प्रत्येक अखंड आडवी रेष तक्त्याची समजून पुसली जाते. खोडण्याची रेघ त्याहून लांब असते, त्यामुळे ती तक्त्याबरोबर पुसली जाते आणि खाली स्वच्छ, चालू वाटणारे नाव उरते. मराठीत याला आणखी एक पदर आहे. शब्द लांब असेल तर त्याची शिरोरेषाही १२० बिंदूंपेक्षा लांब भरते, म्हणजे तीही पुसली जाते आणि अक्षरांचे तुकडे उरतात. लांबी वाढवून शिरोरेषा वाचवता येते, पण खोडलेले नाव आखूड असेल तर मग त्याची रेघ तक्त्याच्या रेषांत न सापडता अक्षरांत मिसळते आणि वाचन कडबोळे होऊन बाहेर येते. फक्त लांबीवरून या तीन रेषा वेगळ्या करता येणार नाहीत.

२१ जानेवारी

तीन रेषांचे वर्तन नीट पाहिले आणि फरक लांबीत नसून दोन वेगळ्या गोष्टींत आहे असे दिसले : ओळीच्या उंचीत रेषा कुठे आहे आणि ती कुठे तुटते.

तक्त्याची रेषा दोन ओळींच्या मधून जाते आणि रकान्याच्या उभ्या रेषांना दोन्ही टोकांनी भिडते. शिरोरेषा ओळीच्या वरच्या भागात असते आणि दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत नेमाने तुटते. खोडण्याची रेघ ओळीच्या साधारण मध्यातून जाते, शब्दांच्या मधल्या जागेतही चालू राहते आणि बहुधा उभ्या रेषांच्या अलीकडेच थांबते. शब्दांमधल्या मोकळ्या जागेत शाई आहे की नाही हीच सर्वांत भरवशाची खूण ठरली. स, म, भ, न यांसारख्या अक्षरांनाही मध्यावर आडवे अवयव असतात आणि ओळीतील शाईची बेरीज काढली की मध्यावर लहानसा उंचवटा दिसतो, पण ते अवयव अक्षराबाहेर जात नाहीत.

म्हणून क्रम उलटा केला आहे. आधी फक्त तक्त्याच्या रेषा ठरवून रकाने वेगळे करायचे, मग प्रत्येक रकान्यातील ओळी, मग प्रत्येक ओळीतील शब्दांमधल्या जागा. त्या जागांपैकी बहुतेकींत मध्यावर शाई असेल तर ओळ खोडलेली धरायची, तशी खूण नोंदवायची आणि त्यानंतरच रेघ पुसून अक्षरे वाचायची. खोडलेली ओळ वाचायची कशाला, असा प्रश्न सहकाऱ्याने विचारला. शोधाच्या कामात कमी झालेला बोजाही महत्त्वाचा असतो, कारण तो कोणत्या फेरफाराने कमी झाला याचा माग पुढे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, काढावा लागतो.

एकाच शब्दाची ओळ असेल तर मोकळी जागाच नसते. अशा ओळींना शब्दाच्या दोन्ही टोकांबाहेर रेघ थोडी पुढे आली आहे का, एवढेच पाहता येते.

२४ जानेवारी

तिरकेपणामुळे वरची पद्धत काही रकान्यांत फसत होती. छायाचित्र २,४८० बिंदू रुंद केल्यावर उताऱ्यावरची अक्षरे साधारण ४० बिंदू उंच येतात, म्हणजे शिरोरेषा आणि मधली रेघ यांत जेमतेम १५ बिंदूंचे अंतर राहते. ७०० बिंदू रुंद रकान्यात फक्त १ अंशाचा कल असला तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेषा १२ बिंदू खाली सरकते. डावीकडची शिरोरेषा आणि उजवीकडची खोडरेघ अशा वेळी जवळपास एकाच पातळीवर येतात. पूर्ण पान एकदम सरळ करून भागत नाही, कारण घड्यांमुळे कागदाचे चारही चतकोर वेगवेगळ्या कलाने उभे असतात. आता पान ढोबळ सरळ केल्यावर प्रत्येक रकाना त्याच्या स्वतःच्या चार कोपऱ्यांवरून पुन्हा सरळ केला जातो.

घडीनेच दुसराही घोळ केला. पानाच्या मध्यावरची आडवी घडी काळ्या-पांढऱ्यात बदलल्यावर हुबेहूब खोडरेघेसारखी दिसते आणि तिने इतर अधिकारातील एक चालू नोंद खोडलेली ठरवली. घडी रकान्यांच्या उभ्या रेषा ओलांडून शेजारच्या रकान्यातही त्याच पातळीवर पुढे जाते. खोडरेघ रकान्यात राहते. म्हणून उभ्या रेषा ओलांडून तीन किंवा अधिक रकान्यांत एकाच पातळीवर अखंड जाणारी रेष घडी धरून वगळली आहे. घडी आणि खरी खोडरेघ एकमेकींवर आली असतील तर प्रणालीने ठरवू नये, नोंद ‘अनिश्चित’ म्हणून माणसाकडे जावी.

२८ जानेवारी

भोगवटादारांच्या नावांची मांडणी पूर्ण केली. खाते ५०२ वर ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ अशी तीन नावे आहेत, तिघांच्याही समोर क्षेत्र नाही आणि त्यांच्याखाली ‘सामाईक क्षेत्र’ अशी ओळ देऊन ०.८०.०० छापले आहे. हे क्षेत्र खात्याचे म्हणून साठवायचे. तिघांत सारखे वाटून प्रत्येकापुढे सुमारे २६.६७ आर लिहिणे चुकीचे आहे, कारण हिस्से किती हे उतारा सांगत नाही. ‘ग’ अज्ञान असून पालक म्हणून आई ‘ख’ यांचे नाव त्याच ओळीत आहे, ‘अ.पा.क.’ हा शेरा दिसला की त्यानंतरचे नाव भोगवटादार न समजता पालकाच्या रकान्यात जाते. ‘ए.कु.मॅ.’ असेल तर ती व्यक्ती भोगवटादारच असते, पण एकत्र कुटुंबाची म्हणून, आणि तसा शेरा जसाच्या तसा शेजारी ठेवावा लागतो.

सामाईक खात्याबाबत एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. क्षेत्राच्या बेरजेने ‘अ’ ची खोडलेली ओळ पकडून दिली, कारण तिच्यापुढे स्वतःचे क्षेत्र होते. समजा ‘ख’ यांनी हक्कसोड केली असती आणि तिघांपैकी फक्त त्यांचे नाव खोडले असते, तर सामाईक क्षेत्र ०.८०.०० च राहिले असते आणि रेघ वाचली काय, न वाचली काय, बेरीज दोन्ही वेळा जुळली असती. बेरीज जुळली म्हणजे भोगवटादारांची यादी बरोबर, असे म्हणता येत नाही.

३१ जानेवारी

इतर अधिकाराच्या रकान्याला तर कसलीच बेरीज नाही. नोंद चालू आहे की कमी झाली, हे त्या एका रेघेशिवाय उताऱ्यावर दुसरे काहीही सांगत नाही. आपल्या उताऱ्यात तीन नोंदी आहेत : ‘अ’ यांच्या नावे विकास सोसायटीचा २,००,००० रुपयांचा इकरार, फेरफार ४१०२, खोडलेला, ‘ब’ यांच्या हिश्श्यावर बँकेचा ३,५०,००० रुपयांचा बोजा, फेरफार ४४७८, चालू, आणि कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र असल्याचा शेरा.

रकाना अरुंद असल्याने प्रत्येक नोंद तीन-चार ओळींत मोडते आणि रेघ प्रत्येक ओळीवर स्वतंत्र मारलेली असते. एका नोंदीच्या सर्व ओळींचा निकाल एकच आला तरच तो मान्य करायचा. इकराराच्या चारपैकी एक ओळ न खोडलेली आली, तेव्हा नोंद आपोआप ‘अनिश्चित’ झाली. मूळ चित्रात त्या ओळीवर अंगठ्याची सावली होती. नोंद कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते हे फेरफार क्रमांकाच्या कंसावरून ठरवत आहोत, पण कलम ४३ सारख्या शेऱ्याला कधी क्रमांक असतो, कधी नसतो, म्हणून ओळींमधले जास्तीचे अंतरही सोबत पाहिले जाते.

प्रकारही वेगळे ठेवले आहेत. इकरार आणि बँकेचा बोजा यांना रक्कम असते आणि कर्ज फिटले की ते कमी होतात. कलम ४३ हा पैशाचा बोजा नाही, तो हस्तांतरणावरचा निर्बंध आहे. त्याला रक्कम शोधत बसलो तर शेजारच्या ओळीतला आकडा त्याच्या गळ्यात पडतो.

```json
[
 {"प्रकार": "इकरार", "रक्कम": 200000, "फेरफार": 4102,
  "कोणावर": "अ", "स्थिती": "अनिश्चित"},
 {"प्रकार": "बोजा", "रक्कम": 350000, "फेरफार": 4478,
  "कोणावर": "ब", "स्थिती": "चालू"},
 {"प्रकार": "निर्बंध", "रक्कम": null, "फेरफार": null,
  "कोणावर": "संपूर्ण गट", "स्थिती": "चालू"}
]
```

दोन चुकांचे वजन सारखे नाही. कमी झालेला बोजा चालू दाखवला तर पक्षकार बेबाकी दाखला घेऊन येतो आणि गोष्ट मिटते. चालू बोजा कमी झालेला दाखवला तर खरेदीदार कर्जासकट जमीन घेतो. म्हणून ‘कमी’ ही स्थिती देण्यासाठी सर्व ओळींचा एकमुखी पुरावा लागेल आणि त्या नोंदीच्या चित्राचा तुकडा रकान्यासोबत जोडला जाईल, म्हणजे वकिलांना मूळ छायाचित्र उघडावे लागणार नाही.

४ फेब्रुवारी

आज दोन रकाने वाढवले. पहिला प्रलंबित फेरफाराचा. सुधारित नमुन्यात प्रलंबित फेरफार आहे की नाही हे छापलेले असते आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही असतो. नोटीस काढल्यानंतर हरकतीसाठी १५ दिवस जातात, त्यामुळे नवा बोजा चढवण्याचा फेरफार दाखल असूनही इतर अधिकारात तो दिसत नाही, असा काळ मध्ये असतोच. आपल्या उताऱ्यात फेरफार प्रलंबित आहे. तो बोजा चढवण्याचा, कमी करण्याचा की वारसाचा, हे सातबाऱ्यावरून कळत नाही, म्हणून या रकान्यात फक्त क्रमांक येतो आणि पूर्ण उताऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार पाहावा’ असा शेरा लागतो.

दुसरा रकाना डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यावरील १६ अंकी पडताळणी क्रमांकाचा आहे. कागदाच्या छायाचित्रात डिजिटल स्वाक्षरी तपासता येत नाही, पण हा क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा उघडता येतो आणि घडी, अंगठा व तिरकेपणा या सर्वांचा प्रश्न तिथेच सुटतो. मात्र त्यातील एक अंक चुकला तरी काहीच उघडत नाही, आणि इथे बेरजेचा आधार नसल्याने १ व ९ च्या जागा माणसानेच पाहायच्या आहेत. आपल्या नमुन्यातील क्रमांक घडीपासून दूर, तळाशी स्वच्छ छापलेला आहे. तो उघडून इकराराच्या चारही ओळी खोडलेल्या असल्याची खात्री करून घेतली आणि स्थिती ‘कमी’ अशी हाताने बदलून बदलणाऱ्याचे नाव व आधार त्या नोंदीपुढे लिहिला.